‘पावती १८ तारखेपासून’: दूध बिलाच्या उशिराची एक सूचना कशी दुरुस्त झाली

निपाणी भागात मी कन्नड-मराठी टायपिंग आणि भाषांतराचं काम करतो. दुकानात येणाऱ्या कागदांत लग्नपत्रिका, सातबारासाठीचे अर्ज आणि सहकारी संस्थांच्या नोटिसा सगळ्यात जास्त. हे प्रकरण अशाच एका नोटिशीचं आहे. गाव आणि संस्था ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकडे गोल केले आहेत. बाकी घडलं तसंच लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

गाव कर्नाटकात, बोली मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये. गावातली प्राथमिक दूध उत्पादक संस्था २१२ सभासदांची. रोजचं संकलन साधारण १,४०० लिटर, गाय आणि म्हैस मिळून. दूध जिल्ह्याच्या संघाला जातं. दर फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे दुधातल्या फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांवर ठरतो. सगळं मिळून लिटरला सरासरी ३४ रुपये धरले, तर दहा दिवसांचं बिल ४ लाख ७६ हजारांच्या आसपास जातं.

बिलाचे दिवस ठरलेले होते. १ ते १० तारखेच्या दुधाचे पैसे १५ ला, ११ ते २० चे २५ ला आणि २१ पासून महिनाअखेरपर्यंतचे पुढच्या महिन्याच्या ५ ला. गावात याला ‘दुधाचा पगार’ म्हणतात आणि ते शब्दशः खरं आहे. बचत गटाचा हप्ता, किराणा दुकानाची उधारी, पोराची फी या सगळ्याच्या तारखा या तीन तारखांना बांधलेल्या असतात.

१२ जानेवारीला संघाचं कन्नड पत्र आलं. थंडीत दूध वाढतं. विकून उरलेल्या दुधाची पावडर आणि लोणी करावं लागतं. तो माल विकला जाईपर्यंत पैसा गोदामात अडकतो आणि दूध घातलेल्याला मात्र रोख द्यायची असते. पत्रात हेच कारण होतं, सरकारी भाषेत. पहिल्या दहा दिवसांचे ६० टक्के पैसे १८ ला, उरलेले ४० टक्के २६ पर्यंत. ११ ते २० चं बिल ३१ ला, २१ ते ३१ चं ८ फेब्रुवारीला. फेब्रुवारीपासूनची बिलं नेहमीच्या तारखांना.

पहिली सूचना

सचिवांनी त्याच संध्याकाळी पत्राचा मराठी गोषवारा हातानं लिहून संकलन केंद्राच्या फळ्यावर लावला:

> सर्व सन्माननीय दूध उत्पादक सभासदांना कळविण्यात येते की, काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव व बँकेच्या अडचणीमुळे चालू दहा दिवसांची पावती विलंबाने होत असून, सदर पावती दि. १८ पासून टप्प्याटप्प्याने होईल. उर्वरित रक्कम संघाकडून प्राप्त होताच लवकरात लवकर अदा करण्यात येईल. तरी सहकार्य करावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या एका मामांनी विचारलं, “पावती तर रोज मिळतीया. पैसं कवा मिळणार ते लिवा की.”

मामांचं बरोबर होतं. कन्नडमध्ये ‘पावती’ म्हणजे रक्कम चुकती करणं. मराठीत पावती म्हणजे पैसे किंवा माल पोचल्याचा कागद. या केंद्रावर तर लिटर आणि फॅट छापलेली रोजची चिठ्ठी म्हणजेच पावती. सचिवांनी संघाच्या पत्रातला शब्द तसाच उचलला होता. दिवसभर दोन्ही भाषांत वावरणाऱ्या माणसाकडून हे होतं, माझ्याकडूनही झालं आहे. काहींचा समज झाला की १८ पर्यंत चिठ्ठ्याच मिळणार नाहीत. एका काकूंनी तर आपलं दूध कमी मोजलं जाणार असा अर्थ काढला. चिठ्ठी नाही तर मोजलं किती हे कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

दुसरा घोळ ‘बँकेच्या अडचणी’चा. सकाळी अकरापर्यंत दहा-बारा सभासद बँकेच्या शाखेत जाऊन आले. शाखेत सांगितलं, आमच्याकडे काही अडलेलं नाही. मग गावात चर्चा सुरू झाली की पैसे आलेत आणि संस्थेनं दाबून ठेवलेत.

माझ्याकडे आलं तेव्हा

१३ ला दुपारी सचिव दुकानात आले. “भाषा जरा नीट करून द्या, लोकांना समजंना झालीया,” म्हणाले. मूळ कन्नड पत्र त्यांनी बरोबर आणलं होतं, हे फार बरं झालं. मी नेहमी मूळ कागद मागतो. नुसत्या गोषवाऱ्यावरून भाषा सुधारली की चूक जास्त गुळगुळीत होऊन बाहेर पडते.

पत्र आणि सूचना शेजारी ठेवल्या तर पहिलीच गोष्ट डोळ्यांत भरली. पत्रात बँकेचा उल्लेखच नाही. मी विचारलं, “बँकेची अडचण कुठून आली?”

सचिव जरा थांबले. मग सांगितलं. बँकेच्या विलीनीकरणात काही सभासदांच्या शाखांचा आयएफएससी कोड बदलला होता. जुना कोड काही महिने चालला आणि डिसेंबरच्या शेवटच्या बिलाला बंद पडला. ३१ जणांचे पैसे परत संस्थेच्या खात्यावर आले. सचिवांनी त्यांना एकेकाला बोलावून चेक दिले आणि विषय तिथंच ठेवला. यादीतले कोड मात्र तसेच राहिले. म्हणजे १८ ला संघाचे पैसे आले तरी या ३१ जणांना ते मिळणार नव्हते. ही अडचण बँकेची कमी आणि संस्थेची जास्त होती.

थोडक्यात, एका वाक्यात दोन वेगळी कारणं कोंबली होती. एक सगळ्यांना लागू, संघाकडचं. दुसरं ३१ जणांना लागू, संस्थेकडचं. दोन्हींवरचा उपायही वेगळा. पहिल्यात सभासदाला फक्त थांबायचं होतं. दुसऱ्यात त्याला पासबुक घेऊन यायचं होतं, आणि ते सूचनेत कुठंच नव्हतं.

‘टप्प्याटप्प्याने’ आणि ‘लवकरात लवकर’ या शब्दांवर मी पेन्सिलीनं गोल केला. पत्रात तारखा होत्या, सूचनेत का नाहीत? सचिव म्हणाले, “तारीख लिहिली आणि संघानं पाळली नाही, तर लोक मलाच धरणार.” भीती खोटी नव्हती.

कपातीचा प्रश्न

वाक्यं बदलता बदलता एक प्रश्न असा निघाला की तो भाषेनं सुटणारा नव्हता. पहिल्या हप्त्यात ६० टक्के मिळणार, तर पशुखाद्याची कपात कशातून?

संस्था संघाकडून खाद्याची पोती आणते, सभासदाला उधार देते आणि बिलातून वळती करते. या दहा दिवसांत ९० सभासदांकडून सरासरी ६०० रुपये कापायचे होते. एका लहान सभासदाचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. रोज ४ लिटर दूध, दहा दिवसांचं ४० लिटर, ३४ रुपयांनी १,३६० रुपये. त्याचे ६० टक्के ८१६. त्यातून ६०० कापले, तर हातात २१६ रुपये. दुसऱ्या हप्त्यातून कापायचे म्हटलं, तर तो हप्ताच ५४४ चा.

‘६० टक्के मिळतील’ असं लिहून ज्याच्या खात्यावर २१६ जमा झाले असते, तो सूचनेला खोटीच म्हणाला असता. हिशेबानं ती खरी असूनही.

याचं उत्तर सचिवांच्या हातात नव्हतं. संघ खाद्याचे पैसे पहिल्या हप्त्यातूनच कापून घेणार होता. सभासदाची कपात पुढं ढकलायची, तर ते ५४ हजार संस्थेला स्वतःच्या खात्यातून घालावे लागणार होते. मी टायपिंग तिथंच थांबवलं आणि संचालक मंडळाची बैठक आधी घ्या म्हणून सांगितलं.

बैठकीत तोललेले पर्याय

बैठक त्याच रात्री झाली. चेअरमननी मलाही बोलावलं होतं, कागद तयार करायला.

पहिला पर्याय होता फळ्यावर काहीच नवीन न लावण्याचा. केंद्रावर येईल त्याला तोंडी सांगायचं. एका संचालकांचा आग्रह यावरच होता. रस्त्याच्या पलीकडं महाराष्ट्रातल्या दुधाचं संकलन होतं. आपल्या संघाकडं रोकड नाही असं लिहून लावलं, तर दूध तिकडं जाईल, असं त्यांचं म्हणणं. सीमेवरच्या संस्थेला ही धास्ती कायमच असते, आणि ती उगाच नाही. पण तोंडी सांगितलेली तारीख तिसऱ्या घरी पोचेपर्यंत बदलते, हे सकाळीच दिसलं होतं.

दुसरा पर्याय संस्थेच्या पैशातून सगळ्यांचं बिल वेळेवर देण्याचा. खात्यावर वापरता येण्याजोगे १ लाख १० हजार होते, बिल पावणेपाच लाखांचं. राखीव निधी परस्पर वापरता येत नाही. हा पर्याय दोन मिनिटांत संपला.

तिसरा पर्याय कारण आणि तारखा पूर्ण लिहायच्या, आणि असलेल्या पैशातून लहान सभासदांची अडचण हलकी करायची. शेवटी हाच ठरला. पहिल्या हप्त्यातून खाद्याची कपात नाही. निम्मी दुसऱ्या हप्त्यातून, निम्मी ८ फेब्रुवारीच्या बिलातून. शिवाय ज्याला हप्ता भरायचा आहे त्याला १,००० रुपयांपर्यंत उचल, जास्तीत जास्त ४० जणांना. कपातीचे ५४ हजार आणि उचलीचे ४० हजार मिळून ९४ हजार. खात्यावर थोडं शिल्लक राहत होतं.

सगळ्यात लांबली ती संस्थेची चूक लिहायची की नाही यावरची चर्चा. सचिवांचा चेहरा उतरला होता. चेअरमन म्हणाले, “आम्ही कोड बदलला न्हाई, असं लिवलं तर संस्थेची अब्रू जाईल.” मी सुचवलं की माफीचा परिच्छेद नको. फक्त काय झालं आणि सभासदानं काय आणायचं, एवढंच लिहू, पण ‘बँकेमुळे’ हा शब्द काढू. तो शब्द असेपर्यंत लोक शाखेत जात राहणार आणि शाखा त्यांना परत पाठवत राहणार. एका ज्येष्ठ संचालकांनी मान डोलावली आणि ते वाक्य राहिलं.

एक तारीखही बदलली. संघाच्या पत्रात दुसरा हप्ता २६ पर्यंत होता. २६ जानेवारीला शाखा बंद. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून सुट्टीच्या दिवशीही चालते, पण ही संस्था सभासदांची यादी आणि चेक शाखेत नेऊन देते, त्यामुळे शाखा उघडी असणं गरजेचं होतं. म्हणून २७ लिहिली.

नवी सूचना

१४ जानेवारीला, संक्रांतीच्या सकाळी, ही फळ्यावर लागली:

> १ ते १० जानेवारीचं दूध बिल १५ तारखेला मिळणार नाही. पैसे दोन हप्त्यांत मिळतील.
>
> पहिला हप्ता (बिलाचे ६० टक्के): १८ जानेवारी
> दुसरा हप्ता (उरलेले ४० टक्के): २७ जानेवारी
> ११ ते २० जानेवारीचं बिल: ३१ जानेवारी
> २१ ते ३१ जानेवारीचं बिल: ८ फेब्रुवारी
> १ ते १० फेब्रुवारीचं बिल: नेहमीप्रमाणे १५ फेब्रुवारी
>
> कारण: थंडीत दूध वाढल्यामुळे संघाला जादा दुधाची पावडर आणि लोणी करावं लागलं. तो माल विकून पैसे येण्यास वेळ लागत आहे. संघाचं पत्र कार्यालयात वाचायला ठेवलं आहे.
>
> पशुखाद्य कपात: पहिल्या हप्त्यातून होणार नाही. निम्मी २७ जानेवारीला आणि निम्मी ८ फेब्रुवारीला होईल.
>
> उचल: बचत गटाचा किंवा कर्जाचा हप्ता भरायचा असल्यास १,००० रुपयांपर्यंत उचल मिळेल. सचिवांना भेटावे.
>
> खाली सभासद नंबर दिलेल्या ३१ जणांसाठी: आपल्या बँक शाखेचा आयएफएससी कोड बदलला आहे. संस्थेच्या यादीत जुनाच कोड राहिला आहे. १७ जानेवारीपर्यंत पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणून द्यावी, नाहीतर पैसे परत येतील.
>
> सरकारचं लिटरला ५ रुपये प्रोत्साहनधन वेगळं आहे. ते सरकारकडून थेट खात्यावर येतं. त्याचा या उशिराशी संबंध नाही.
>
> दुधाचं माप, फॅट आणि रोजची चिठ्ठी यांत काहीही बदल नाही.

शेवटचं वाक्य त्या काकूंसाठी होतं. प्रोत्साहनधनाचं वाक्य सचिवांनी सुचवलं. ते पैसे आपल्या वेळेनं येतात आणि दर वेळी लोक दोन्ही एकत्र करून विचारतात, असं ते म्हणाले. ३१ जणांची नावं न लिहिता सभासद नंबर लिहिले. नाव फळ्यावर लागलं की कर्ज थकलंय, असा बोभाटा होतो.

पहिल्या ओळीवर थोडा वाद झाला. मसुद्यात मी आधी कारण आणि मग तारखा लिहिल्या होत्या. चेअरमननी ते उलटं करायला लावलं. “पैसं कवा, हे वाचल्याशिवाय माणूस कारण वाचत न्हाई,” म्हणाले. त्यांचं खरं होतं. पैसे मिळणार नाहीत हेही पहिल्याच ओळीत ठेवलं. ते तिसऱ्या ओळीत लपवलं, तर फक्त तारीख बघून जाणारा माणूस १५ ला बँकेत उभा राहिला असता.

कन्नड मजकूर शेजारच्या कागदावर, त्याच क्रमानं आणि त्याच तारखांनी लावला. गावात पंचवीस-तीस घरं कन्नड बोलणारी आहेत. कन्नड कागदावर ‘पावती’ हा शब्द राहिला, तिथं तो बरोबरच होता. मराठीत ‘बिल’ आणि ‘पैसे’ हेच शब्द ठेवले. जुनी माणसं ‘बटवडा’ म्हणतात आणि कन्नडमध्येही तो शब्द चालतो, म्हणून मला त्याचा मोह झाला होता. पण तिशीच्या आतल्या सभासदांना तो कळला नसता.

पुढं काय झालं

१८ ला दुपारी पैसे आले. ३१ पैकी २६ जणांनी कागद वेळेत दिले होते. उरलेल्या पाच जणांचे पैसे परत आले आणि पुढच्या चार दिवसांत मिटले. २७ चा हप्ताही वेळेवर झाला.

३१ ची तारीख चुकली. संघाचे पैसे संस्थेच्या खात्यावर ३१ ला संध्याकाळी आले, म्हणजे सभासदांच्या खात्यावर २ फेब्रुवारीला. ३१ ला दुपारपर्यंत काही आलं नाही म्हटल्यावर सचिवांनी फळ्यावर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ टाकली: ‘आजचे पैसे आले नाहीत, उद्या दुपारी १२ ला पुन्हा सांगतो.’ दुसऱ्या दिवशी बाराला त्यांनी खरंच सांगितलं. पहिल्या सूचनेच्या वेळी जसे लोक केंद्रावर चालून आले होते, तसे या वेळी आले नाहीत.

संकलन १,४०० वरून १,३३० पर्यंत उतरलं होतं, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुन्हा वर आलं. पलीकडं दूध घातलेल्यांपैकी दोन घरं परत आली नाहीत. त्यांनी ते उशिरामुळं केलं की तिकडच्या दरामुळं, हे कुणी विचारलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

३१ तारखेचा घोळ माझ्या मजकुरातला होता. संघ संस्थेला पैसे देतो ती तारीख वेगळी आणि सभासदाच्या खात्यावर जमा होतात ती वेगळी. २६ च्या वेळी सुट्टी होती म्हणून हा फरक लक्षात आला. ३१ च्या वेळी पत्रातली तारीख मी तशीच उतरवली. ‘संघाकडून ३१ ला, आपल्या खात्यावर २ फेब्रुवारीपर्यंत’ असं लिहायला हवं होतं. सचिवांना तारखेची जी भीती वाटत होती, तिलाही हेच उत्तर होतं.

उचलीचं वाक्यही कच्चं राहिलं. ‘हप्ता भरायचा असल्यास’ ही अट तपासणार कोण? पहिल्या दिवशी १९ जण आले, त्यांतले काही भरपूर दूध घालणारे. ज्यांना खरी गरज होती, त्यांतले दोघे लाजून आलेच नाहीत. दिवसाला ५ लिटरपेक्षा कमी दूध घालणाऱ्यांना आधी, अशी सरळ मर्यादा लिहिली असती, तर मागण्याचा संकोचही कमी झाला असता आणि सचिवांवरचा ठपकाही.

तिसरी गोष्ट मला आठवड्यानं कळली. ग्रुपवर आहेत बहुतेक पुरुष. संध्याकाळी दूध घालायला येतात बहुतेक बायका, आणि फळा आहे मापाच्या टेबलामागं. रांगेत उभं राहून तो वाचता येत नाही. १६ च्या संध्याकाळी सचिवांनी सूचना मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा एका वहिनींनी विचारलं, “ह्या यादीत माझा नंबर हाय काय?” होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुधाच्या किटलीबरोबर पासबुक घेऊन आल्या.